वाढदिवसाचा निरोप

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून परतलेला एक माणूस या आठवड्यात मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बसला होता. त्याच्या मित्राचा वाढदिवस होता. मित्राला फुप्फुसाचा क्षयरोग झालेला, उपचाराचा तिसरा महिना चालू. ताप गेला, खोकला कमी झाला, पेज चवीने जाऊ लागली.

पहिला निरोप सहज लिहून झाला: 'आता तू पूर्ण बरा झालास, जोरात पार्टी करूया.' मग त्याने तो पुसला, आणि ते बरे केले.

क्षयरोगाची खरी अडचण नेमकी याच टप्प्यावर असते. नेहमीच्या औषधांनी बऱ्या होणाऱ्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. पण रोग्याला बरे वाटू लागते ते पहिल्या काही आठवड्यांतच. जंतू मात्र अजून संपलेले नसतात. गोळ्या मध्येच सोडल्या, तर रोग उलटतो आणि कधी तीच औषधे लागू पडेनाशी होतात. अशा वेळी मित्रच 'बरा झालास' म्हणाला, तर गोळी चुकवायला एक गोड निमित्त मिळते. पार्टीचेही तसेच. या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो, त्यात फेणी नकोच.

अमिताभ बच्चन यांना 2000 साली मणक्याचा क्षयरोग झाला होता. सुमारे वर्षभर औषधे घेऊन ते बरे झाले आणि पुढे हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मित्राला धीर द्यायला हे उदाहरण चांगले, कारण त्यात बरे होणेही आहे आणि लागलेला वेळही.

दुसरा निरोप असा झाला:

'वाढदिवसाच्या शुभेच्छा रे! तीन महिने होत आले, म्हणजे निम्मी वाट झाली. उरलेली कंटाळवाणी आहे, ठाऊक आहे मला. जिना चढताना अजून धाप लागते म्हणालास, तर तू चढउतार करू नकोस, मीच वर येतो. रविवारी संध्याकाळी, अर्धा तास. सोबत कैरीचे लोणचे आणतो, तुझ्या पेजेला. फेणीचे डॉक्टरांना विचारू, पण गोळ्या संपल्यावर.'

यात खोटा दिलासा कुठेही नाही, तरी वाचून हसू येते. दमलेल्या माणसाला दमल्याचे कबूल करू दिले आहे. घरी जायला भीतीही नाही: औषधे लागू पडत असतील आणि नियमित चालू असतील, तर साधारण पहिल्या काही आठवड्यांतच लागण होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांत रोग्याचा पेलाही वेगळा ठेवतात आणि माणसे दाराशीच बोलून परततात. त्याचे फार वाईट वाटते.

मित्राचे उत्तर लगेच आले: 'ये. लोणचे जास्त आण. आणि अर्धा तास कमी होतो, तासभर बस.'