तयार मजकूर, आपलं नाव

सिल्वासात मसाट-आमलीकडच्या काही कंपन्यांच्या ऑफिसांत हल्ली एक नवं काम निघालंय. कंपनीच्या कौतुकाची पोस्ट फोटोसकट आधीच लिहून ठेवायची आणि ठरल्या वेळी स्टाफला आठवण करायची की, ही आपापल्या नावावर टाका. माझी भाची एका यार्नच्या कंपनीत एचआरमध्ये आहे. हे काम तिच्याकडेच आहे.

सोमवारी मजकूर तयार होतो, साहेब मंजूर करतात. मंगळवारी सव्वादहाला, लोकांचा पंच आणि चहा उरकला की, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप जातो. मोठ्या कंपन्यांत हेच काम सॉफ्टवेअर करतं. लिंक्डइनने २०१५ साली ‘एलिव्हेट’ नावाचं असं एक साधन काढलं होतं, ते पुढे बंद केलं.

यामागचा हिशेब साधा आहे. कंपनीचं पान म्हणजे दुकानाची पाटी, येणारेजाणारे तिच्याकडे बघतीलच असं नाही. पण स्टोअरमधल्या माणसाने काही लिहिलं तर त्याचा मेहुणा, शाळूसोबती, जुना सहकारी ते वाचतो, कारण ते ओळखीच्याने सांगितलेलं असतं. म्हणजे कंपनी जे वापरते तो त्या माणसाचा शब्द. आणि पगार कामाचा मिळतो, शब्दाचा नाही.

“मावशी, यात खोटं काय आहे? मजकूर तर खरा असतो,” भाची म्हणाली. मजकूर खरा असेलही. पण ‘इथे काम करताना मला अभिमान वाटतो’ यातला ‘मला’ कोण? चौदा जणांनी अर्ध्या तासात तेच वाक्य टाकलं की वाचणाऱ्याला ते कळतंच. कळण्याची खूणही सोपी आहे: लाइक करणारे सगळे ऑफिसातलेच आणि बाहेरच्या एकाचाही प्रश्न नाही.

अमेरिकेत अशा एका आठवणीचं प्रकरण सरकारी आयोगापर्यंत गेलं. सोनीचं प्लेस्टेशन व्हिटा हे खेळाचं यंत्र २०१२ च्या सुरुवातीला तिथल्या बाजारात यायचं होतं. जाहिरातीचं काम डॉइच एलए या एजन्सीकडे होतं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने स्टाफला ईमेल केली की, आपापल्या ट्विटरवर #gamechanger लावून या यंत्राबद्दल लिहा. लोकांनी चांगलंचुंगलं लिहिलं, पण आपण याच एजन्सीत आहोत हे सांगितलं नाही. फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये जो आक्षेप घेतला, त्यात हाही मुद्दा होता. स्तुती केली म्हणून नव्हे, नातं लपवलं म्हणून. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रचारासाठी नियम केले. उघड करायच्या संबंधांत त्यांनी पैसे, भेटवस्तू यांच्याबरोबर नोकरीचं नातंही धरलं आहे. तेव्हा ‘मी इथेच नोकरीला आहे’ एवढं त्या पोस्टमध्येच असायला हवं. प्रोफाइलवर कंपनीचं नाव असतं म्हणून भागत नाही, प्रोफाइल उघडून कोण बघतो?

पण मला जास्त टोचते ती दुसरी आठवण. सव्वादहाची सगळ्यांना जाते. तीन वाजताची फक्त ज्यांनी टाकली नाही त्यांना. त्यासाठी भाची एक्सेलच्या एका कॉलममध्ये नावापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ भरते. पहिली आठवण निरोप आहे, दुसरी हजेरी. कोणी सक्ती केली नाही हे खरं, पण वाढीच्या महिन्यात तो कॉलम कोणाच्या डोळ्यांपुढे असेल हे क्लार्कला पक्कं ठाऊक असतं. कृत, कारित, अनुमोदित हे आपण पाठच केलेलं. एरवी करवणारा आणि करणारा वेगळे दिसतात. इथे करवणाऱ्याचं नाव कुठे येतच नाही.

आणि वाचणारा? जव्हार-मोखाड्याकडचा आयटीआय झालेला एखादा मुलगा, ओळखीच्याची पोस्ट पाहून ‘कंपनी चांगली आहे’ एवढ्यावर येतो, आमलीत खोलीचं डिपॉझिट भरतो. उद्या नाइट शिफ्टचं काही वेगळंच निघालं, तर तो एचआरला नाही विचारणार. ज्याच्या नावाने वाचलं त्याला विचारेल. आणि तो काय सांगेल, सव्वादहाचा निरोप होता म्हणून?

यावर आमचं बरंच झालं. आठवण अजिबात नको असं माझं म्हणणं नव्हतं, माणसं विसरतात. गेल्या महिन्यापासून भाची तयार वाक्यं पाठवत नाही. फोटो आणि दोन-तीन मुद्दे पाठवते, ‘वाटलं तर लिहा, आपण इथे काम करता हे लिहा’ म्हणते. लिहिणारे निम्म्यावर आले. डिस्पॅचमधल्या एकाने पावसात ट्रक भरताना कोन भिजू नयेत म्हणून काय केलं ते गुजरातीत लिहिलं, खाली सुरतेच्या दोघांनी भाव विचारला. तीनची आठवण बंद आहे. साहेबांनी यादी मागितली तेव्हा तिने आकडा दिला, नावं दिली नाहीत. ते “बघू” म्हणाले आहेत.