कोणाचाच जोडीदार नसलेला घटक

गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात साल्व्हियाती हे पात्र विचारते, की वर्गसंख्या जास्त की सगळ्या संख्या? १, ४, ९, १६ यांच्या मधे कितीतरी संख्या गळतात, म्हणजे वर्ग कमीच असायला हवेत. पण १ची जोडी १शी, २ची ४शी, ३ची ९शी लावत गेलो, तर दोन्हीकडे कोणी एकटे उरत नाही. गॅलिलिओने निष्कर्ष काढला, की 'कमी', 'जास्त' आणि 'समान' हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत.

बोल्झानोच्या १८५१ साली, मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या पुस्तकात हाच पेच पुन्हा येतो. ० ते ५ मधल्या प्रत्येक संख्येला १२/५ ने गुणले की ० ते १२ मधली प्रत्येक संख्या नेमकी एकदा मिळते. तरीही एवढ्यावरून दोन्ही संच सारखे मोठे म्हणायला तो तयार नव्हता.

डेडेकिंडने १८८८ मध्ये या पेचाचीच व्याख्या केली. ज्या संचाची स्वतःच्याच उचित उपसंचाशी एकास एक संगती लागते तो अनंत, आणि जिथे ती लागत नाही तो सांत. मला यातले धाडस फार मोलाचे वाटते. तोवर 'जे संपत नाही ते अनंत' असे नकारातूनच सांगितले जाई. इथे नकार सांताच्या वाट्याला आला.

पण आपण मोजतो ते संच या व्याख्येनेही सांतच ठरतात, हे दाखवायला हवे. पाच घटकांचा संच घेऊ आणि अशी संगती आहे असे क्षणभर मानू. प्रत्येक घटकाला उपसंचात स्वतंत्र जोडीदार मिळाला आहे. उपसंच उचित आहे, म्हणून एक घटक, त्याला 'क' म्हणू, कोणाचाच जोडीदार नाही. 'क'चा जोडीदार 'ख'. तो 'क' असू शकत नाही. 'ख'चा जोडीदार 'क' नाही आणि 'ख'ही नाही, कारण 'ख' आधीच 'क'ने घेतला आहे. म्हणून तो नवाच, 'ग'. याच कारणाने पुढे 'घ', मग 'च'. आता 'च'चा जोडीदार कोण? 'क' कोणाचाच नाही, उरलेले चौघे घेतलेले. सहावा घटक लागतो आणि संचात तो नाही. पाचाच्या जागी कोणतीही संख्या घ्या, साखळी तिथेच अडते. अनंत संचात मात्र ती कधीच अडत नाही. बाहेर राहिलेल्या एका घटकातून १, २, ३… अशी अख्खी रांग उभी राहते.

उलट दिशा इतकी सरळ नाही. ज्याचे घटक कोणत्याही नैसर्गिक संख्येने मोजून संपत नाहीत, त्या प्रत्येक संचात अशी साखळी सापडेलच का? एकेक घटक उचलत रांग लावता येईल असे वाटते. पण नियमावाचून अनंत वेळा निवड करायला निवडीचे गृहीतक, निदान त्याचे सौम्य रूप, लागते. डेडेकिंडच्या सिद्धतेत ते न सांगता वापरलेले आहे. त्याविना, मोजून न संपणारे आणि तरीही डेडेकिंडच्या व्याख्येने सांत ठरणारे संच असू शकतात.