वीतरागाकडे मागतेस काय?

तिसरं आणि चौथं कडवं आधी खोड. मग पुढचं बोलू.

श्रावण शुद्ध सप्तमीला, पार्श्वनाथांच्या निर्वाणाच्या दिवशी, कामरगावात समाज जमणार. त्यांच्यापुढे म्हणायचं स्तवन तू लिहिलंस, चाल बसवलीस, बायकांकडून पाठही करून घेतलंस, आणि आता छापायला द्यायच्या आदल्या दिवशी वही माझ्यापुढे ठेवतेस. पाठशाळेत इतकी वर्षं बसलेल्या मुलीने हे लिहावं याचा मला राग आला आहे. तो मी लपवणार नाही.

पहिल्या कडव्यात तू त्यांना वीतराग म्हणतेस. दुसऱ्यात त्यांना ना कुणी आपलं, ना कुणी परकं असं सांगतेस. इथवर ठीक. आणि मग हे:

पार्श्वनाथा देवा, धाव रे संकटी
शत्रूची राहाटी मोड आता.

धनधान्य देई, भरू दे कोठार
चालू दे व्यापार लेकरांचा.

अक्षरं मोजलीस, सहा-सहा-सहा-चार बरोबर बसवलीस, यमकही जुळवलंस. पण वर काय लिहिलं होतंस ते खाली येईपर्यंत विसरलीस. ज्यांना कुणी परकं नाही त्यांनी तुझ्या शत्रूची राहाटी मोडायची? मग तो शत्रू त्यांना परका झाला. ज्यांचा राग गेला, द्वेष गेला, त्यांनी तुझं कोठार भरायचं आणि शेजारणीचं रिकामं ठेवायचं? तसं झालं तर त्यांना तुझ्याविषयी लोभ आहे असं ठरतं आणि पहिल्या कडव्यातला शब्द खोटा पडतो. एकाच स्तवनात तू आधी गुण गायलास आणि दोन कडव्यांनी तोच गुण नाकारलास. मागणं हावरटपणाचं आहे की साधं, हा प्रश्नच नाही. पाऊस लांबल्यावर सोयाबीनची काळजी कोणाला नसते? ती काळजी खरी आहे. पण जे देतच नाहीत त्यांच्या तोंडावर ‘दे’ म्हणणं ही स्तुती होत नाही.

तू म्हणालीस, पार्श्वनाथांनी नागाच्या जोडीला वाचवलं, म्हणून मीही ‘धाव’ म्हटलं. ती कथा पुन्हा नीट वाच. तापसाच्या लाकडात सापडलेली ती जोडी वाचली नाही, मेली. मरता मरता कानावर धर्माचे शब्द पडले, परिणाम शांत झाले, आणि पुढे ते धरणेंद्र-पद्मावती झाले. तेव्हा पार्श्व राजकुमार होते, दीक्षा व्हायची होती. केवलज्ञानानंतरच्या जिनेंद्रांकडे त्या प्रसंगाचा दाखला देऊन संकटनिवारण मागायचं, म्हणजे कथाही चुकीची सांगायची आणि काळही चुकवायचा.

याहून मोठी चूक म्हणजे याच कथेतला खरा गुण तुझ्या हातातून निसटला. कमठाचा जीव वैर धरून आला, त्याने पाऊस कोसळवला, वारा सोडला, धोंडे टाकले. धरणेंद्राने फणा धरली. एक मारायला आला, एक राखायला आला. त्या ध्यानस्थ मुनींना पहिल्याचा राग आला नाही आणि दुसऱ्याचा लळा लागला नाही. पार्श्वनाथांचं स्तवन लिहायचं तर ते इथे आहे! हे सोडून तू कोठारापाशी जाऊन बसलीस.

तुझी कडवी तपासायची एक रीत सांगते. पार्श्वनाथांचं नाव काढ आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही दैवताचं नाव घाल. कडवं जसंच्या तसं चाललं, कुठे खटकलं नाही, तर ते पार्श्वनाथांचं नव्हतंच. ‘धाव रे संकटी’ कुणालाही म्हणता येतं. आता हे बघ. रात्री बसून तुझ्याच मापात मी लिहिलं आहे. माझं वापरू नकोस, पण कसं बांधायचं ते पाहा:

कमठाचा मारा, फणांची साउली
दृष्टि ना हालली दोन्हींमुळे.

वैरी नि सेवक समान पाहिले
मग उमलले पूर्ण ज्ञान.

यात दुसरं नाव घालून दाखव. बसणार नाही. आणि एकही आज्ञार्थी क्रियापद नाही. ‘हालली’, ‘पाहिले’, ‘उमलले’ ही सगळी जे घडलं ते सांगणारी आहेत. तुझ्या वहीत मात्र धाव, मोड, देई, भरू दे, चालू दे. पेन्सिल घे आणि अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मार. पान रेघांनी भरेल.

पण नुसत्या रेघा मारून सुटका नाही. कारण पाचव्या कडव्यात आज्ञार्थ नाही, तरी मागणं आहे. ‘तुझ्याच कृपेने पिकले शिवार’ असं तू लिहिलंस. आभार मानले म्हणून ते निर्दोष झालं असं वाटलं का तुला? गेल्या वर्षी त्यांनी पिकवलं असेल तर यंदा न पिकल्याचा दोषही त्यांच्यावर जातो. देणारा म्हणून आभार मानले की पुढचं मागणं न बोलताही त्यात आलंच. ते कडवंही काढ.

आणि सिंहासन, तीन छत्रं, चवऱ्या, दुंदुभी, पुष्पवृष्टी यांवर तू दोन अख्खी कडवी घातलीस. ही प्रातिहार्यं आहेत, खोटी नाहीत. अरिहंतांचे 46 गुण आपण म्हणतो त्यांत 34 अतिशय आणि 8 प्रातिहार्यं आहेत, म्हणून ती गाऊ नयेत असं मी म्हणणार नाही. पण उरलेले 4 कुठे आहेत तुझ्या वहीत? अनंत दर्शन, अनंत ज्ञान, अनंत सुख, अनंत वीर्य. एकही ओळ नाही! समंतभद्राचार्यांनी आप्तमीमांसेच्या आरंभालाच हा प्रश्न उभा केला आहे. देव येतात, आकाशातून गमन होतं, चवऱ्या ढाळल्या जातात, असल्या गोष्टी मायावी माणसाकडेही दिसू शकतात, तेवढ्यावरून आपण आम्हांला थोर वाटत नाही, असं ते सरळ जिनेंद्रांनाच सांगतात. एवढा परखड भक्त झाला म्हणूनच त्याची भक्ती पक्की. आपल्याच जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती अधांतरी आहे अशी तिची ख्याती. तू ते अधांतरीपण चार ओळींत रंगवलंस आणि तिथेच थांबलीस. मूर्ती जमिनीला टेकली काय, न टेकली काय, त्यावरून पार्श्वनाथांचा राग गेला होता हे कळत नाही. दर्शनाला जाऊन आलेल्या माणसाला ते अधांतरीपण माहीत आहे. तुझ्याकडून त्याला पुढचं हवं आहे.

आता तुझा सगळ्यात मोठा आक्षेप. ‘मग लोगस्समध्ये आरोग्य, बोधी, समाधी द्या असं कसं म्हणतात?’ हे तू विचारलंस ते बरं केलंस, कारण हे न विचारता जो स्तवन लिहितो त्याने विचारच केलेला नसतो. मूलाचारात षडावश्यकांच्या प्रकरणात, चतुर्विंशतिस्तवाच्या विवेचनात, हीच शंका घेतली आहे आणि उत्तरही आडपडदा न ठेवता दिलं आहे. ही भक्तीपोटी बोललेली भाषा आहे, ती सत्यातही मोडत नाही आणि असत्यातही नाही, आणि ज्यांचे राग-द्वेष क्षीण झाले ते जिन समाधी देत नाहीत, बोधीही देत नाहीत. म्हणजे बोधी मागतानासुद्धा शास्त्राला खुलासा करावा लागला. तू कोठार मागतेस, त्याला कोणता खुलासा देणार आहेस? कोठाराची इच्छा धरून भक्ती करणं याला निदान म्हणतात आणि तत्त्वार्थसूत्रात ते आर्तध्यानात मोजलं आहे. स्तवन म्हणायला उभं राहायचं आणि आर्तध्यान करून बसायचं!

जुन्या स्तोत्रांत याचना कुठेच नाही असा दावा मी करत नाही, काही ठिकाणी आहे. पण भक्तामर पुढे करू नकोस. हत्ती, सिंह, वणवा, साप, युद्ध, समुद्र यांची भयं तिथे येतात खरी. मानतुंगाचार्य तिथे ‘माझं भय घालव’ असं म्हणत नाहीत. आपल्या आश्रयाला आलेल्याचं भय सरतं असं ते सांगतात. आश्रयाला माणूस स्वतः जातो, तिथे बदल त्याच्यात होतो.

‘देत नाहीत तर गायचं कशाला’ हे कामरगावात तुला कुणीतरी नक्की विचारील. त्याचंही उत्तर समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात, वासुपूज्यांच्या स्तुतीत दिलं आहे. पूजेने वीतरागांना काही मिळत नाही, निंदेने त्यांचं काही जात नाही, तरीही त्यांच्या गुणांचं स्मरण आपल्या चित्तावरचा मळ धुऊन काढतं. फळ आहे, पण ते गाणाऱ्याच्या परिणामातून येतं. गाताना मन जितका वेळ त्या समभावात राहिलं तितका वेळ कषाय मंद झाला, तेवढीच कमाई. म्हणून शेवटचं कडवं मागण्यावर संपवायची सवय मोड. मन स्वतःकडे वळलं पाहिजे:

गुण तुझे गाता माझे मला दिसे
राग किती वसे अंतरात.

इथे ‘तो राग घालव’ असं जोडायचा मोह तुला होणार, मी तुला ओळखते. जोडू नकोस. दिसलं एवढंच म्हण. घालवायचं काम गाणारीचं आहे.

एक व्यावहारिक गोष्ट तू अजिबात पाहिली नाहीस. हे मागणं तुझ्या स्तवनात आलं कुठून? चालीतून आलं. तू एका ओळखीच्या आरतीची चाल उचललीस, तिच्या धृपदात शेवटी चार मात्रा मोकळ्या राहतात, आणि त्या भरायला ‘तार रे देवा’ आपोआप तोंडी आलं. ते धृपद आहे. प्रत्येक कडव्यानंतर ते म्हटलं जाणार. गुण प्रत्येकी एकदा आणि याचना दर कडव्याला. बसलेल्या माणसाच्या कानात घरी जाताना काय उरेल? धृपदच उरतं. मुलं तर फक्त तेवढंच गुणगुणतात. म्हणून सगळ्यांत आधी धृपद बदल, आणि त्यात एकच गुण घाल, समभाव. चार मात्रा भरायला नावच पुन्हा घ्यावं लागलं तरी चालेल, ‘पार्श्वनाथा’ची चार अक्षरं त्यात नीट बसतात.

बायकांना जुनं पाठ झालं आहे, आता बदललं तर गोंधळ होईल, हे कारण मला सांगू नकोस. तू शिकवलंस, तूच परत शिकव. जिनेंद्रांपुढे चुकीचं म्हणायला लावणं त्यांच्यावर अन्याय आहे, कारण त्या तुझ्यावर विश्वास ठेवून म्हणणार आहेत. घोळक्यातल्या एखाद्या आजी म्हणतील, ‘बाई, पाऊस तरी मागू दे.’ त्यांना रागावू नकोस. त्यांना सांग की पावसाची काळजी आपण सभा झाल्यावर बोलू, एकमेकींच्या शेताची विचारपूस करू, ज्यांचं बियाणं वाया गेलं त्यांना दुबार पेरणीला हात देऊ. ते काम समाजाचं आहे आणि समाज ते करू शकतो.

छापखान्याला निरोप धाड की मजकूर दोन दिवस उशिरा येईल. उद्या संध्याकाळी धृपद आणि कमठाचं कडवं, एवढंच लिहून आण. बाकीची कडवी मग पाहू.