मृत्युपत्राचा संशय कोणी फेडायचा?

वडिलांच्या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या मुलीच्या कैफियतीत बहुधा तीन वाक्ये एकापाठोपाठ येतात. सही वडिलांची नाही. असलीच तर त्या वेळी ते शुद्धीवर नव्हते. शुद्धीवर असले तरी भावाने दडपण आणून ती घेतली. पर्यायी बचाव घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि वकीलही ‘असू द्या, काही राहून जायला नको’ म्हणून सगळे लिहून टाकतात. पण या तीन वाक्यांपैकी पहिली दोन खोडून काढण्याचे काम मुख्यतः भावाचे आहे, तर तिसरे शाबित करण्याचे काम मुलीचे. हा फरक लक्षात न घेता तिसऱ्या वाक्यावर सगळा जोर दिल्यामुळे जिंकता येण्याजोगे दावे हरले जातात, असे माझे मत आहे.

आधी भावाचे ओझे पाहू. भारतीय वारसा कायदा 1925 च्या कलम 63 प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित केलेले हवे. प्रत्येक साक्षीदाराने एकतर ती सही होताना पाहिलेली असली पाहिजे, किंवा ‘ही माझीच सही’ असे करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असले पाहिजे, आणि मग स्वतःची सही त्याच्या समक्ष केलेली असली पाहिजे. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, मजकूर माहीत असण्याचीही नाही. कोर्टात यांपैकी निदान एकाला साक्षीला आणावे लागते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 68 मध्ये होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आहे.

एक साक्षीदार पुरतो म्हटल्यावर लोक निर्धास्त होतात. पण त्या एकाने दुसऱ्याच्या सहीचीही हकिकत सांगावी लागते. जानकी नारायण भोईर यांच्या महाराष्ट्रातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या सुमारास हेच दाखवून दिले. तपासलेल्या साक्षीदाराला दुसऱ्याच्या साक्षांकनाबद्दल सांगता आले नाही, दुसऱ्याला साक्षीला उभे केले नव्हते, आणि मृत्युपत्र शाबित झाले नाही. त्यात कोणाच्या लबाडीचा निष्कर्ष काढण्याची गरजच पडली नाही.

हे सगळे झाले तरी काम संपत नाही. का, ते मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी 1958 सालच्या वेंकटाचल अय्यंगार निकालात सांगितले. आजही मृत्युपत्राच्या कुठल्याही दाव्यात पहिला उल्लेख याच निकालाचा होतो. खरेदीखत खोटे असेल तर विकणारा कोर्टात येऊन तसे सांगू शकतो. मृत्युपत्र वाचले जाते तेव्हा ते करणारा या जगात नसतो. म्हणून जो ते पुढे करतो त्याने नुसते कागदाचे सोपस्कार दाखवून भागत नाही. परिस्थितीत संशयाला जागा असेल तर तो संशय त्यानेच फेडायचा. सही थरथरलेली, मन दुबळे झालेले, वाटणी नात्याला न शोभणारी, किंवा ज्याला मोठा लाभ झाला त्यानेच कागद करण्यात पुढाकार घेतलेला, अशी काही उदाहरणे त्या निकालात आहेत. त्या खटल्यात पुढाकार घेणाऱ्याच्या मुलांनाच मोठा वाटा मिळाला होता, आणि मृत्युपत्र टिकले नाही. मात्र गणिती खात्री मागायची नाही, शहाण्या माणसाचे समाधान व्हावे एवढाच पुरावा मागायचा, हेही त्याच निकालात आहे. न्यायाधीशाने अविश्वास मनात धरून बसायचे नाही, सावध राहायचे.

1964 साली प्रसिद्ध झालेल्या शशीकुमार बॅनर्जी निकालाने दुसरी बाजू स्पष्ट केली. फसवणूक, जबरदस्ती किंवा अनुचित दडपण झाल्याचे हरकत घेणारा म्हणत असेल तर ते त्याने शाबित करावे. पण त्याने तसे काही म्हटले नसले, तरी परिस्थितीच संशय निर्माण करीत असेल तर कोर्टाच्या सदसद्विवेकाचे समाधान करणे हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याकडेच राहते. म्हणजे दडपणाचा शब्दही न उच्चारता मुलगी जिंकू शकते.

दडपण शाबित करणे इतके अवघड का? वारसा कायद्याच्या कलम 61 खालची उदाहरणे वाचली की कळते. कायद्याच्या पुस्तकात मनुष्यस्वभावाची इतकी जाण क्वचित सापडते. एकाने दुसऱ्याची मनधरणी केली, गळ घातली आणि त्याने स्वतःच्या विचाराने ती मानली, तर मृत्युपत्र वैध. मालमत्तेवर डोळा ठेवून एखाद्याने म्हाताऱ्याची सेवा केली, हांजी हांजी केली आणि म्हातारा त्याच्यावर लहरीने खूश झाला, तरीही वैध. पण आजारात खंगलेल्या माणसामागे इतका तगादा लावला की केवळ शांतता मिळावी म्हणून त्याने सही करून टाकली, तर अवैध. दाराआड कोणी गळ घातली आणि कोणी गळा धरला, हे बाहेरच्याने कसे सांगायचे? शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दडपणाचा आरोप मोघम चालत नाही. कोणी, कधी, काय केले याचा तपशील कैफियतीतच द्यावा लागतो.

आता एक कल्पित प्रकरण घेऊ. मिरज तालुक्यातले 82 वर्षांचे विधुर गृहस्थ. एक मुलगा, दोन मुली. चार एकर उसाची जमीन आणि घर, दोन्ही स्वकष्टार्जित. (वडिलोपार्जित असते तर त्यांना फक्त स्वतःच्या हिश्शाचेच मृत्युपत्र करता आले असते. अनेक दावे खरे तर इथेच निकाली निघू शकतात, पण तो वेगळा विषय.) मृत्यूच्या पाच आठवडे आधी दोन पानी टंकलिखित मृत्युपत्र झाले, दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले. सगळे मुलाला. मुलींबद्दल एकच ओळ: त्यांची लग्ने करून दिली आहेत. साक्षीदार दोन, मुलाचा दुकानातला भागीदार आणि वकिलाचा कारकून. सोबत डॉक्टरचा दाखला.

मुलींनी ‘भावाने धाक दाखवला’ हा मुद्दा पुढे केला तर काय होईल? धाक पाहणारे कोणी नाही. शेजारी साक्ष देतील की मुलगा बापाला न्हाऊ-माखू घालायचा. आणि धाकाने सही घेतली म्हणताना सही वडिलांचीच होती हे अर्धे मान्य होऊन बसते. उलटतपासणीचा सगळा रोख मुलींवर वळतो: तुम्ही वर्षात किती वेळा आलात, दवाखान्याचे बिल कोणी भरले?

त्याऐवजी त्यांनी भावाला प्रश्न विचारावेत. वकिलाला कोणी बोलावले, फी कोणी दिली? मसुद्याच्या सूचना कोणी दिल्या? वडील चौथी शिकलेले, मग ही कायदेशीर भाषा त्यांना वाचून कोणी दाखवली? डॉक्टरला विचारावे की दाखला दिला त्या दिवशी तपासणीच्या नोंदी कुठे आहेत. नुसते ‘मानसिक स्थिती उत्तम’ असे छापील वाक्य असेल आणि त्याच आठवड्याच्या दवाखान्याच्या कागदांवर सोडियम कमी होऊन असंबद्ध बोलत असल्याची नोंद असेल, तर दाखल्याची किंमत फारशी उरत नाही. साक्षीदारांना वेगवेगळे विचारावे: कोण कुठे बसले होते, आधी सही कोणाची झाली, तुम्ही सही केलीत तेव्हा आजोबा समोर होते का? ‘मी नंतर दुकानात सही केली’ एवढे एक वाक्य भागीदाराच्या तोंडून निघाले की त्याचे साक्षांकन गळून पडते, आणि दोनांतला एक कमी झाला की मृत्युपत्रही.

मुलगा म्हणेल, नोंदणी झाली आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. केलेली असली तर उपयोगाची आहे, पण निर्णायक नाही. करणाऱ्याला मजकूर समजावून सांगितला गेला की नुसते ‘सही तुमचीच ना’ एवढे विचारले गेले, हे न्यायालय बघते. राणी पूर्णिमा देवी प्रकरणात नोंदणी असूनही मृत्युपत्र नाकारले गेले. सातबाऱ्यावर मुलाचे नाव चढले, फेरफार मंजूर झाला, हा युक्तिवाद तर त्याहून लटका. फेरफाराने मालकी ठरत नाही.

मुलींनाही एक गोष्ट ऐकावी लागेल. ‘आम्हाला काहीच दिले नाही’ हा एकटा मुद्दा कमकुवत आहे. वारसांना डावलण्यासाठीच तर मृत्युपत्र असते. सगळ्यांना सारखे द्यायचे असते तर कागद करण्याची गरज नव्हती. गोव्यात मुलांसाठी मालमत्तेचा अर्धा भाग कायद्यानेच राखलेला असतो, त्यामुळे तिथे बापाला मुलींना पूर्ण वगळता येत नाही. महाराष्ट्रात हिंदू माणसाला स्वतःच्या कमाईबाबत तशी अट नाही. डावलण्याचे कारण कुठेच सापडत नाही आणि बाकीचीही परिस्थिती खटकते, तेव्हाच डावलण्याला वजन येते. 1976 सालच्या जसवंत कौर प्रकरणात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांना खटकलेल्या अनेक गोष्टींत हीही होती की 1945 चे म्हणून सांगितलेले मृत्युपत्र 1957 पर्यंत कोणाच्या दृष्टीसच पडले नव्हते.

या व्यवस्थेत मला एक गोष्ट खरोखर बोचते. संशयाच्या यादीतले ‘पुढाकार घेतला’ हे कलम सर्वांत जास्त कोणाला लागू पडते? जो घरी राहिला त्याला. अंथरुणाला खिळलेल्या बापासाठी वकील आणणार कोण, डॉक्टरला फोन करणार कोण? पुण्यात किंवा अमेरिकेत असलेले भावंड नाही. आणि ज्याने दहा वर्षे केले त्याला जास्त द्यावेसे वाटणे यात अनैसर्गिक काहीच नाही. संशयास्पद परिस्थितीची यादी कोर्टात यांत्रिकपणे वाचली जाऊ लागली की सेवा हाच आरोप बनतो. तसे होऊ नये हे मूळ तत्त्वातच आहे. 1838 च्या बॅरी विरुद्ध बटलिन या प्रिव्ही कौन्सिलच्या खटल्यातून हे तत्त्व आपल्याकडे आले. त्यात मृत्युपत्र लिहिणाऱ्या वकिलालाच लाभ मिळाला होता आणि मुलगा वगळला गेला होता. बॅरन पार्क यांनी संशय घ्यायलाच हवा असे बजावले आणि पुरावा तपासून ते मृत्युपत्र कायम केले. संशय म्हणजे खुलासा मागण्याचे कारण. खुलासा पटला तर पुढाकार घेतला म्हणून कागद फाडता येत नाही.

तेव्हा घरी राहून आईबापांचे करणाऱ्यांना माझे सांगणे आहे: वकील त्यांच्या ओळखीचा असू द्या, साक्षीदार तुमचे भागीदार किंवा मेहुणे नसू द्या, डॉक्टरला केसपेपरवर तपासणी लिहायला सांगा, आणि मसुदा सांगितला जात असताना तुम्ही खोलीबाहेर बसा. मुलींना का दिले नाही ते वडिलांनी स्वतःच्या शब्दांत, शक्यतो स्वतःच्या हाताने, मृत्युपत्रात लिहावे.