घरी सांगू नकोस

सातवीच्या वर्गात इंटरनेटच्या सुरक्षिततेवर तास घ्यायचा म्हटलं, की बहुतेक शाळांत नियमांची यादी फळ्यावर येते. पासवर्ड कोणाला देऊ नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो टाकू नका. मुलांना ही यादी पाठ असते. तरीही मुलं फसतात, आणि फसल्यावर कितीतरी दिवस कोणाला काही सांगत नाहीत. नुकसान वाढतं ते या दिवसांत. म्हणून हा तास घेणाऱ्या शिक्षकांनी यादी बाजूला ठेवून प्रसंग मांडावेत आणि प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारावा, असं मला वाटतं: हे घडून गेलं असेल, तर आता तू कोणाला सांगशील?

पहिला प्रसंग पासवर्डचा. जिवलग मैत्रीण म्हणते, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का? मग पासवर्ड सांग.’ बारा वर्षांच्या मुलीला इथे नाही म्हणणं फार जड जातं, कारण प्रश्न मैत्रीचा झालेला असतो. शिक्षकांनी तिला नकाराचे शब्दच द्यावेत: ‘मी कोणालाच देत नाही, तुझाही मला नको.’ पासवर्ड देऊन झाला असेल, तर नुसता बदलून भागत नाही. काही ठिकाणी पासवर्ड बदलला तरी दुसऱ्या फोनवर उघडलेलं खातं तसंच चालू राहतं. सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या फोनवर खातं उघडं आहे ते बघायचं आणि आपला नसलेला फोन तिथून बाहेर काढायचा. ही सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड विसरल्यावर नवा करण्याची लिंक ईमेलवरच येते.

नवा पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, उदाहरणार्थ kandil-jambhul-rikama-pul, लक्षात राहतात आणि ओळखायला अवघड असतात. नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड मात्र वर्गातलं कोणीही दोन-चार प्रयत्नांत ओळखतं. (वर्गात उच्चारलेलं उदाहरण कोणी वापरायचं नाही, हेही सांगावं लागतं.)

अनोळखी माणसाच्या प्रसंगावर मी अर्धा तास खर्च करीन. मुलगा ऑनलाइन गेम खेळतो. गेममधला एक दादा त्याला जिंकायला मदत करतो, त्याच्या खेळाचं कौतुक करतो. काही दिवसांनी म्हणतो, ‘इथे नीट बोलता येत नाही, व्हॉट्सॲपवर ये. आणि घरी सांगू नकोस, ते तुझा गेम बंद करतील.’ मग एक दिवस म्हणतो, ‘तुला फुकट कॉइन पाठवतोय, फोनवर सहा आकडी कोड येईल तो सांग.’

फोन आईचा आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत तसंच असतं. दादाने त्याच्या स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करून त्यात आईचा नंबर टाकलेला असतो, आणि आलेला कोड त्या खात्याची किल्ली असते. मुलाने तो सांगितला की आईचं व्हॉट्सॲप तिच्या फोनवरून बंद होतं आणि तिकडे उघडतं. थोड्या वेळात मामाला, आत्याला, शेजारच्या काकूंना आईच्या नावाने पैशांचे निरोप जायला लागतात.

आता मुलगा काय करतो? त्याला चूक कळलेली असते, पण सांगितलं तर गेम जाईल, फोन जाईल, मार बसेल, ही भीती दादाने आधीच पक्की केलेली असते. तो गप्प बसतो. खरं तर त्या घडीला सांगितलं तर इलाज सोपा आहे. आईच्या फोनवर पुन्हा त्याच नंबरने नोंदणी करायची, नवा कोड टाकायचा, की समोरचा बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात दुहेरी पडताळणीचा स्वतःचा पिन लावून ठेवला, तर तो पिन माहीत नसल्याने आपल्याला खातं वापरायला सात दिवस थांबावं लागू शकतं. आपला पिन आधीच लावलेला असेल, तर नुसता कोड मिळूनही त्याला खातं उघडता येत नाही. कोणाचे पैसे गेले असतील, तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करायचा. पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो अडवण्याची शक्यता असते, म्हणून इथे मिनिटं मोलाची आहेत.

या प्रसंगावर वर्गात हमखास एक हात वर येतो: ‘सर, पण गेममध्ये सगळेच अनोळखी असतात.’ मुलांचं बरोबर आहे. ‘अनोळखी व्यक्तीशी कधीही बोलणार नाही’ अशी प्रतिज्ञा करून घेतली, तर मूल ती त्याच संध्याकाळी मोडणार, आणि मोडलेल्या प्रतिज्ञेमुळे आणखी गप्प होणार. ओळखीचा-अनोळखी हा फरक पडद्यावर फारसा कामाचा नाही. खूण वेगळी आहे: समोरचा माणूस घरापासून लपवायला सांगतो आहे का?

फोटोचा प्रसंग थोडक्यात सांगता येतो. सहलीच्या बसमध्ये झोपलेल्या मुलाचा तोंड उघडं असलेला फोटो कोणी स्टिकर करून वर्गाच्या ग्रुपवर टाकतं. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी ज्यांनी तो साठवला किंवा पुढे पाठवला, त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणून विचारायचं ते आधी, आणि ज्याचा फोटो आहे त्याला.

पण फोटो उघड्या अंगाचा असेल आणि कोणी धमकावत असेल, तर प्रसंग पूर्णपणे बदलतो. पैसे द्यायचे नाहीत, दुसरा फोटो पाठवायचा नाही, धमकीचे निरोप पुसायचे नाहीत. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवता येते. मोठ्यांनीही इथे सांभाळायला हवं. पुरावा म्हणून तो फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा ठरू शकतो, आणि त्या मुलावर तर तो दुसरा घाव असतो.

तासाच्या शेवटी वर्ग प्रतिज्ञा लिहितो. ती मुलांनीच, त्यांच्या शब्दांत लिहावी. माझ्या मनातली साधारण अशी आहे:

‘मी माझा पासवर्ड मैत्रीसाठीही देणार नाही आणि कोणाचा मागणार नाही. फोनवर आलेला कोड मी कोणालाही सांगणार नाही. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवणार नाही. घरी सांगू नकोस असं कोणी म्हणालं, तर ती गोष्ट मी त्याच दिवशी घरी किंवा शाळेत सांगेन. वर्गातलं कोणी फसलं तर त्याला हसणार नाही.’

याच्या खाली मोठ्यांची ओळ हवी, आणि ती लिहिताना शब्द तोलावे लागतात. ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाला देता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि खोटं वचन मोडलं की ते मूल पुन्हा कोणाजवळ बोलत नाही. म्हणून पाळता येईल तेवढंच लिहावं: ‘तू सांगितलंस म्हणून आम्ही तुला शिक्षा करणार नाही. ज्यांना कळवणं भाग आहे त्यांनाच कळवू, आणि कळवण्याआधी तुला सांगू.’ तिच्याखाली वर्गशिक्षकांनी आधी सही करावी, आणि पुढच्या पालकसभेत तोच कागद आई-वडिलांपुढे सहीसाठी ठेवावा.