आधी वार, मग भाजी

एकत्र कुटुंबात आठवड्याचा स्वयंपाक ठरवताना बहुतेक जणी पदार्थांची यादी करायला बसतात. सोमवारी काय, मंगळवारी काय. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. कागदावर पहिला रकाना पंचांगाचा हवा आणि दुसरा माणसांचा. पदार्थ त्यानंतर आपोआप सुचतात, कारण तोवर निम्मे पर्याय गळून गेलेले असतात.

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या घराचे उदाहरण घेते. माझे सासर मूळचे परभणीकडचे. 1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, तरी नोकरीपायी इथे स्थिरावलेली मराठी घरे इथेच राहिली, त्यातलेच हे एक. आता घरात मामंजी आणि सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे दीर आणि त्यांची वरंगळची तेलुगू बायको, माझी कॉलेजातली मुलगी आणि जाऊबाईंचा पाच वर्षांचा मुलगा, अशी आठ ताटे आहेत. मामंजींना पित्त आणि रक्तदाब, त्यामुळे तिखट नाही आणि मीठही बेताचे. नातवाला मिरचीचा कणही चालत नाही. माझ्या मुलीला आणि जाऊबाईंना गुंटूरच्या मिरचीशिवाय जेवण फिके वाटते. सासूबाई श्रावणी सोमवार आणि एकादशी करतात, चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडतात. जाऊबाईंचा शनिवार वेंकटेश्वराचा असतो.

उपास म्हटले की सगळे एकाच खणात टाकायची आपली सवय आहे. पण स्वयंपाकघराच्या दृष्टीने हे तीन वेगळे नियम आहेत. सासूबाईंची एकादशी काय खायचे ते ठरवते: साबुदाणा, भगर, राजगिरा, रताळे, शेंगदाणे चालतात, पण हळद, हिंग, मोहरी नाही. जाऊबाईंचा शनिवार फक्त भात वर्ज्य करतो. रात्री इडली, उपमा किंवा पोळी खाल्ली की त्यांचा नियम पाळला गेला. मराठी माणसाला रव्याचा उपमा खाऊन उपास ही कल्पना पचायला वेळ लागतो, पण एकदा समजली की शनिवारी रात्री वेगळे काही करावेच लागत नाही. सगळ्यांनाच टिफिन, म्हणजे इडली किंवा पेसरट्टू. तिसरा नियम वेळेचा. संकष्टीला पदार्थ नेहमीचेच, फक्त चंद्रोदयानंतर. मुंबईची वेळ धरून बसू नये. रेखांशातल्या साडेपाच अंशांच्या फरकामुळे हैदराबादेत चंद्र साधारण वीस-बावीस मिनिटे आधी उगवतो. तरीही पाच वर्षांच्या मुलाला तोवर थांबवता येत नाही, म्हणून त्या रात्री दोन पंगती हे आधीच गृहीत धरावे.

तिखटाचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे आणि तो एका साध्या कारणामुळे सुटतो. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे होतो, ते तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. एकदा ते फोडणीतून आमटीभर पसरले की मिरच्या वेचून काढून काही उपयोग नसतो, पाणी घालूनही जाळ फार कमी होत नाही. म्हणून वाटणी फोडणीच्या आधी व्हायला हवी. आमच्याकडे दोन वाट्या तूरडाळ हळद घालून, मीठ न घालता शिजते आणि मग तीन पातेल्यांत जाते. पहिल्यात साधे वरण, बेताचे मीठ आणि वरून तूप. ते मामंजींचे आणि नातवाचे. दुसऱ्यात चिंच, गूळ, चिमूटभर काळा मसाला, कांदा-लसणाविना. ही सासूबाईंची आमटी, आणि आम्ही दोघेही तीच घेतो. तिसऱ्यात आंबाडीचा पाला, म्हणजे इथला गोंगुरा, आधी वेगळा वाफवून घालायचा आणि वर लसूण, सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. डाळ एकदा शिजली, दोन फोडण्या झाल्या, जास्तीचा वेळ पंधरा मिनिटांच्या आत. तिखटाशिवाय नुसता लाल रंग हवा असेल तेव्हा ब्याडगी किंवा जाऊबाईंच्या माहेरची चपाटा मिरची कामी येते. गुंटूरच्या मिरचीने रंग आणायला गेले तर जाळही येतोच.

यातली खरी निवड मात्र चवीची नाही. बहुतेक घरांत तिखट, मसालेदार जेवण हे ‘मुख्य’ असते आणि म्हाताऱ्यांचे, लहानांचे फिके जेवण ‘वेगळे काढलेले’. ते शेवटी होते, घाईत होते, कधी कालच्या वरणावर भागते. सर्वांत सौम्य जेवण पाया धरला की मामंजींसाठी कुणी वेगळे काही करत नाही, बाकीचे आपापले तिखट वर चढवतात. मला हा क्रम सोयीपेक्षा न्यायाचा वाटतो.

काही पदार्थ असे वाटून घेता येत नाहीत. गुत्ती वंकाय, म्हणजे आपली भरली वांगी, मसाल्यासकटच शिजते. असा पदार्थ आठवड्यातून एकदाच, आणि तोही सासूबाई जेवणार नाहीत त्या दिवशी. आमच्या श्रावणातल्या एका आठवड्यात एकादशी गुरुवारी आली. वांगी त्याच दिवशी केली. मामंजींना आणि नातवाला नेहमीचे वरण होतेच.

त्या आठवड्याची खरी अडचण शुक्रवारची होती. द्वादशीला पारणे सकाळी, तिथी असेतोवर करायचे. एक दिवस धान्य न खाल्लेल्या बाईला तेव्हा नीट वरणभात लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी तीन डबे भरायचे असतात. इथे दोन स्वयंपाक करायला गेले की सकाळ कोलमडते. म्हणून द्वादशीच्या डब्यात पोळी-भाजी नाही, पारण्याचेच जेवण जाते: वरण आणि भात, लिंबू, दुधीची भाजी, ज्यांना हवे त्यांना आवकाया. दुधी, लाल भोपळा टिकतात, म्हणून ते आठवड्याच्या शेवटी. चिक्कडपल्लीच्या बाजारातून आणलेला गोंगुरा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत संपलाच पाहिजे. साबुदाणा आदल्या रात्रीच भिजला पाहिजे. तो राहून गेला तर भगर वीस मिनिटांत होते, आणि ज्या घरात साखरेचा आजार आहे तिथे मी तीच सुचवीन, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आहे.

एक गोष्ट मात्र कागदाच्या रकान्यात मावत नाही. आपल्याकडे उपास धरणारीच बहुधा स्वयंपाक करते. स्वतःची खिचडी आधी, सोवळ्याच्या भांड्यात, आणि मग ज्याचा घासही आपण घेणार नाही असे सगळ्यांचे जेवण. पुरुषाच्या उपासाला घर सेवा करते, बाईच्या उपासाला काम दुप्पट होते. याला श्रद्धा म्हणून गौरवणे मला मान्य नाही. आमच्याकडे आता नियम आहे की ज्याचा उपास, त्याने त्या दिवशी शेगडीपाशी उभे राहायचे नाही. सुरुवातीला सासूबाई ऐकत नसत. “अत्तय्या, तुम्ही फक्त सांगा, करते मी,” असे जाऊबाईंनी म्हटल्यावर त्या ओट्यापासून दूर झाल्या, तरी तासभर सूचना चालूच होत्या.

हे निभते त्याचे एक कारण दोन्ही घरांची पंचांगे. मराठी आणि तेलुगू महिने दोन्ही अमावास्येला संपतात, त्यामुळे श्रावण दोघींचा एकच असतो, पण सोमवार वेगळे. सासूबाईंचे श्रावणातले, जाऊबाईंचे कार्तिकातले, संध्याकाळी नक्षत्र दिसल्यावर सोडायचे. श्रावणातल्या चार-पाच सोमवारी जाऊबाई रांधतात. कार्तिकात सासूबाई ओट्यापाशी असतात, आणि कार्तिकी एकादशीनंतर चातुर्मास संपलेला असल्यामुळे जाऊबाईंच्या पप्पूला, म्हणजे डाळीला, लसणाची फोडणीही त्याच देतात.