सावली जागेची, चकाकी दिव्याची

फोटोत बाहेरून आणून बसवलेली वस्तू पकडली जाते ती बहुधा कडेला नाही, अंधारात. कड कापायला हत्यारं पुष्कळ आहेत. काळा रंग किती काळा असावा हे मात्र प्रत्येक जागा स्वतः ठरवते, आणि पाहुण्या वस्तूला ते ठाऊक नसतं.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. कोकणातल्या घराची ओसरी. खाली लाल कोबा, डावीकडे उघडं अंगण, भिंतीलगत जुना लाकडी बाक. मधोमध एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. मालकांना फोटोत ती नको, सागवानी आरामखुर्ची हवी. आरामखुर्ची स्टुडिओत आहे, पांढऱ्या फ्लॅशखाली टिपलेली. निळी पुसली, सागवानी बसवली, आकार जुळला, पाय कोब्याला टेकले, पायांखालची सावली वेगळ्या लेअरवर रंगवली. तरीही खुर्ची ओसरीत नाही. ती फोटोवर आहे.

मग बहुतेक जण अख्ख्या खुर्चीवर एक कर्व्ह्ज लेअर लावतात. काळोख जुळतो तर लाकूड फिकं पडतं. लाकूड सावरावं तर खुर्चीच्या हातावरची चकाकी करडी होते. एकाच दोरीने तीन बाजूंना ओढण्याचा हा प्रकार आहे.

कारण या तिन्हींचे मालक वेगळे आहेत. वस्तूचा गडद भाग जागेचा असतो: आजूबाजूचा परतलेला उजेड त्यात साचतो. मधला भाग वस्तूचा स्वतःचा: सागवान सागवान दिसतं ते तिथे. आणि चकाकी दिव्याची असते. वस्तूच्या अंगावर पडलेली ती दिव्याची सही. म्हणून वस्तू बदलताना अंधार जागेकडून मागून घ्यायचा, चकाकी तिथल्या दिव्याकडून, आणि मधल्या भागाला शक्य तितका कमी हात लावायचा. ल्युमिनॉसिटी मास्क उपयोगी पडतो तो या वाटणीसाठी.

मास्क म्हणजे चित्राचीच करडी प्रत. जिथे चित्र उजळ तिथे मास्क उघडा, जिथे गडद तिथे बंद. फोटोशॉपमध्ये चॅनेल्सच्या पट्टीत RGB वर Ctrl दाबून टिचकी मारली (मॅकवर Cmd) की ही निवड हातात येते. ती चॅनेल म्हणून जतन केली की झाला उजळाचा मास्क. उलटा केला की गडदाचा. छायाचित्रकारांच्या वर्तुळात ही रीत टोनी कायपर यांनी 2006 पासून रुजवली. त्यांचा विषय निसर्गचित्रं होता, खुर्च्या नव्हे. पण उजेड दोन्हीकडे सारखाच वागतो.

नुसते उजळ आणि गडद हे दोन मास्क फार पसरट असतात. उजळाचा मास्क त्याच्याशीच छेदला, म्हणजे Ctrl+Alt+Shift दाबून त्याच चॅनेलवर पुन्हा टिचकी मारली, की तो आवळतो. इथे छेद म्हणजे गुणाकार. उजळपणा L आणि गडदपणा D धरला, तर L + D = 1. याचा वर्ग करा:

```
L² + 2LD + D² = 1
```

L² हा चकाकीचा मास्क, D² सावलीचा, 2LD मधला. तिघांची बेरीज प्रत्येक पिक्सेलवर पूर्ण एक. नेमक्या मधल्या करड्यावर सावलीचा वाटा 25 टक्के, मधल्याचा 50, चकाकीचा 25. त्याहून गडद, पाव उजळपणाच्या पिक्सेलवर सावलीला 56 टक्के मिळतात, मधल्याला 37.5, चकाकीला जेमतेम 6. कुठेच कुंपण नाही. तीन भागांच्या सीमा दिसत नाहीत त्या म्हणूनच. वेगळी फेदरिंग लागत नाही. (शाळेतलं हे सूत्र असं कामाला येईल, असं बीजगणिताच्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं.)

मधल्या मास्कला एक खोड आहे. उजळ आणि गडद यांचा छेद घेतला की तो कुठेच 25 टक्क्यांच्या वर जात नाही, आणि फोटोशॉप बजावतं की अर्ध्याहून जास्त निवडलेला एकही पिक्सेल नाही, निवडीची कड दिसणार नाही. घाबरायचं कारण नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. तो चॅनेल म्हणून जतन करावा आणि लेव्हल्समध्ये पांढरी खूण 255 वरून 128 वर आणावी. मास्क दुप्पट होतो. तरी कमाल 50 टक्केच. म्हणून मधला कर्व्ह डोळ्याला जास्त वाटेल इतका ओढावा लागतो. परिणाम निम्माच पोचणार असतो.

आता मुख्य पथ्य. मास्क खुर्चीवरून घ्यायचा, ओसरीवरून नाही. घाईत पुष्कळदा मूळ फोटोवरच मास्क करून ठेवलेले असतात आणि तेच नव्या वस्तूला लावले जातात. मग सागवानाच्या पाठीवर कोब्याच्या भेगा उमटतात, बाकाच्या पट्ट्या उमटतात. कधी काढून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा हातच नव्या खुर्चीच्या बैठकीवर पुसट दिसू लागतो. मास्क आपल्या जन्माची जागा विसरत नाही. म्हणून आधी नवी खुर्ची बसवायची, मग मास्क घ्यायचे, आणि तिन्ही कर्व्ह्ज लेअर खुर्चीच्या लेअरला क्लिप करायचे.

सावलीपासून सुरुवात करू. ओसरीतला सगळ्यात गडद भाग बाकाखाली आहे. आयड्रॉपर एका पिक्सेलवर न ठेवता 5×5 च्या सरासरीवर ठेवून तिथे टेकवला की लाल, हिरवा, निळा अनुक्रमे 29, 25, 32 असं काहीतरी येतं. म्हणजे काळा काळा नाही. त्यात अंगणातल्या आभाळाची निळाई आहे आणि कोब्याची लाली. स्टुडिओतल्या खुर्चीच्या सांध्यांत मात्र 6, 6, 6. डोळ्याला खटकत होता तो हाच फरक. सावलीच्या मास्कवरच्या कर्व्ह्जमध्ये तिन्ही रंगांचं डावं टोक स्वतंत्रपणे वर उचलायचं, सांधे बाकाखालच्या आकड्यांच्या जवळ येईपर्यंत. जास्तीत जास्त श्रेय या एका कृतीचं आहे. वेळ कमी असेल तर एवढंच करा, बाकीचं सोडा.

पण इथेच मास्कचं अज्ञानही कळतं. त्याला उजेड कळतो, वस्तू कळत नाही. उन्हाकडे तोंड केलेलं गडद लाकूड आणि सावलीत बसलेलं फिकं वेत त्याला सारखंच. भडक लाल उशी तर उजेडात असूनही तो अंधारात जमा करतो, कारण करड्या प्रतीत लाल रंगाला वजन कमी, हिरव्याला जास्त. बैठकीच्या खालच्या बाजूला कोब्याची लाली चढायला हवी. पाठीच्या गडद कोरीव नक्षीत ती चढली तर चूक. दोन्ही मास्कच्या लेखी एक. म्हणून सावलीचा लेअर एका ग्रुपमध्ये, क्लिप खुर्चीलाच राहील अशा बेताने ठेवायचा आणि ग्रुपच्या मास्कवर हाताने, मऊ ब्रशने, फक्त खालची बाजू उघडायची. किती उजळ ते गणित ठरवतं. कुठे ते माणसानेच ठरवायचं.

मधल्या भागाबद्दल सांगण्यासारखं थोडं. ओसरीतला सावलीचा उजेड फ्लॅशपेक्षा निळसर असतो, तेवढी निळ्याकडे ढकल द्यायची आणि थांबायचं. लाकडाचा रंग बदलला तर मालकांची खुर्ची बदलली.

चकाकी जास्त अवघड. खुर्चीच्या हातावर फ्लॅशची पांढरी रेघ आहे: 250, 250, 250. ओसरीतल्या बाकाच्या अंगणाकडच्या कडेवर तीच चकाकी 214, 220, 228 आहे. मंद, किंचित निळी. चकाकीच्या मास्कवर कर्व्हचं उजवं टोक तिन्ही रंगांत तेवढं खाली आणायचं. रेघेत थोडा जरी पोत उरला असेल तर ती छान निवते. पोत जळून गेला असेल, तर खाली येते ती चकाकी नव्हे, खडूचा पट्टा. पांढऱ्याच्या आत काही नसेल तर करड्याच्या आतही काही निघत नाही.

आणि रेघेचा आकार. स्टुडिओतला सॉफ्टबॉक्स चौकोनी, त्याची चकाकीही चौकोनी. ओसरीला चौकोनी दिवा नाही. हा चौकोन कुठलाही मास्क मोडत नाही. तो क्लोन करून पुसावा लागतो आणि नवी चकाकी रंगवावी लागते. पितळी घागर किंवा काचेची बरणी बदलायची असेल तर हे दुखणं दसपट, कारण तिच्या अंगावर अख्खा स्टुडिओ उमटलेला असतो.

तीन कर्व्ह एकावर एक बसतात, शेजारी शेजारी नाही. वरच्याला खालच्याने बदललेलं चित्र मिळतं, म्हणून कागदावरची बेरीज पडद्यावर तंतोतंत उतरत नाही. शिवाय मास्क गोठलेला असतो. नंतर खुर्चीचं एक्स्पोजर बदललं तरी मास्क जुन्याच खुर्चीचा राहतो. मोठा बदल केला तर तो नव्याने घ्यावा. याउलट Blend If च्या पट्ट्या जिवंत असतात, चित्राबरोबर बदलतात, Alt दाबून त्यांची खूण फोडली की मऊही होतात. पण त्यांच्यावर ब्रश चालत नाही. अंदाज घ्यायला त्या, पक्क्या कामाला मास्क.

तपासणी दोनदा करावी. आधी सगळ्यावर कृष्णधवल लेअर टाकून: रंग गेला की उजळ-गडदाची चूक उघडी पडते. मग तो काढून संपृक्तता बरीच वाढवून: खुर्चीचा अंधार करडा आणि बाकाचा जांभळट दिसला, तर सावलीचा कर्व्ह अपुरा. मोठं करून दाण्यांकडेही पाहावं. ओसरीच्या अंधारात कॅमेऱ्याचे दाणे आहेत, स्टुडिओच्या खुर्चीत नाहीत. सावलीच्याच मास्कमधून थोडे दाणे खुर्चीला द्यावेत.

हे सगळं करूनही खुर्ची बसत नसेल, तर बहुधा उजेडाची दिशा चुकली आहे. ओसरीत उजेड डावीकडून आणि खुर्चीवर उजवीकडून आला असेल, तर मास्क आणखी घासण्यात वेळ घालवू नका. खुर्ची पुन्हा टिपा. आणि पुढच्या वेळी अशी ओसरी टिपायला जाल, तेव्हा जिथे नवी वस्तू यायची आहे तिथे एक पांढरा पुठ्ठा आणि एखादी पॉलिश केलेली लाकडी वस्तू ठेवून एक जादा फोटो घ्या. अंधार किती गडद, चकाकी कोणत्या रंगाची आणि कोणत्या बाजूला, हे सगळं त्या एका फोटोत मिळतं.